सर्दी पुन्हा पुन्हा का होते? शरीर विसरत नाही, विषाणू दुसरा असतो

मूल पाळणाघरात किंवा बालवाडीत जायला लागलं की पहिल्या वर्षभरात बहुतेक घरांत एकच काळजी सुरू होते. जूनमध्ये सर्दी, ती बरी होते न होते तोच जुलैत पुन्हा, मग गणपतीत, मग दिवाळीच्या तोंडावर. नाक कायम गळतंय, रात्री खोकला थांबत नाही. मग कोणीतरी म्हणतं, ‘याची प्रतिकारशक्तीच कमी आहे.’ औषधाच्या दुकानातून टॉनिक येतं, च्यवनप्राश येतो, ओळखीतून काढ्याची कृती येते. आईला वाटत राहतं की आपल्याच हातून खाण्यापिण्यात काहीतरी कमी पडतंय.

यातल्या बहुसंख्य मुलांची प्रतिकारशक्ती ठणठणीत असते. जूनमधल्या सर्दीशी ती नीट लढलेली असते आणि त्या विषाणूची आठवणही तिने जपून ठेवलेली असते. पण जुलैत नाकात शिरलेला विषाणू जूनमधला नसतो. दोघांचं घराणं एक, लक्षणं एक, नावही एकच; शरीराच्या लेखी मात्र तो सर्वस्वी नवा पाहुणा असतो. या घराण्याचं नाव आहे रायनोव्हायरस, आणि त्याचे आजवर ओळखले गेलेले प्रकार 160 च्या वर आहेत.

सर्दी फक्त रायनोव्हायरसमुळे होते असं नाही. कोरोनाव्हायरसचे चार जुने, सौम्य प्रकार, आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा, अ‍ॅडिनोव्हायरस अशी बरीच मंडळी त्यात असतात. पण साध्या सर्दीपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त सर्दी रायनोव्हायरसच्या खात्यावर जमा होतात, आणि ‘परत परत का?’ याचं उत्तरही मुख्यतः तिथेच सापडतं. म्हणून इथे त्याच्यापुरतंच बोलू.

पोलिओचा चुलतभाऊ

रायनोव्हायरस अतिशय लहान असतो. व्यास सुमारे 30 नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर 30 हजारांहून जास्त विषाणू ओळीने बसतील. रचनाही साधी. आत आरएनएचा एक धागा, त्यावर सुमारे 7200 अक्षरांचा मजकूर, आणि बाहेर प्रथिनांचं कवच. चार प्रथिनांचा एक संच, असे 60 संच एकमेकांत अडकून हे गोलसर कवच तयार होतं. कोरोनाव्हायरसला असतं तसं चरबीचं आवरण त्याला नसतं.

ज्या विषाणूमुळे पोलिओ होतो तो याचा अगदी जवळचा नातेवाईक. दोघे एकाच कुळातले, एकाच प्रजातिसमूहातले. फरक राहण्याच्या जागेत आहे. पोलिओचा विषाणू जठरातल्या आम्लात टिकतो आणि आतड्यात वाढतो. रायनोव्हायरस आम्लात नष्ट होतो, त्यामुळे गिळला गेला तर तिथेच संपतो. त्याला वाढायला आवडतं ते नाकातल्या 33 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानात, शरीराच्या आतल्या 37 अंशांपेक्षा थोड्या गारव्यात.

या दोन भावंडांमधला दुसरा फरक आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. पोलिओच्या विषाणूचे प्रकार फक्त तीन. तिन्ही प्रकार एकाच लशीत घालता आले, वर्षानुवर्षं पल्स पोलिओचे थेंब पाजता आले, आणि 2014 मध्ये भारताला पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. गोवराच्या विषाणूचा तर, शरीर जितपत ओळखतं त्या अर्थाने, एकच प्रकार आहे. म्हणून गोवर एकदा होऊन गेला की सहसा जन्मभर पुन्हा होत नाही. आपली प्रतिकारयंत्रणा गोवराच्या वेळी हुशार आणि सर्दीच्या वेळी मठ्ठ असते असं नाही. ती दोन्हीकडे बरीचशी सारखंच काम करते. समोर एक शत्रू आहे की दीडशेहून जास्त, यावर निकाल ठरतो.

एका सर्दीत काय काय घडतं

समजा चार वर्षांच्या मुलीच्या नाकात आज रायनोव्हायरसचा 16 क्रमांकाचा प्रकार शिरला. शेजारच्या मुलाच्या हातावरचा शेंबूड तिच्या बोटांना लागला आणि तीच बोटं नाकाला किंवा डोळ्याला लागली असतील, किंवा शिंकेतले, श्वासातले सूक्ष्म थेंब हवेतून आले असतील. डोळ्यातलं पाणी नाकात उतरतं, त्यामुळे डोळा चोळणंही पुरतं.

नाकाच्या आतल्या अस्तरातल्या पेशींवर आयकॅम-1 नावाचं प्रथिन असतं. पेशींना ते स्वतःच्या कामासाठी लागतं, पण रायनोव्हायरसचे बरेचसे प्रकार तेच धरून पेशीत शिरतात. आत गेल्यावर कवच उघडतं, आरएनए बाहेर येतो आणि पेशीची यंत्रणा विषाणूच्या प्रती बनवायला लागते. आठ-दहा तासांत नवे विषाणू नाकातल्या स्रावात दिसू लागतात. साधारण दुसऱ्या दिवशी घसा खवखवतो, मग शिंका आणि वाहतं नाक, मग नाक चोंदणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्दी ऐन भरात असते.

या काळात नाकाच्या अस्तराची फारशी नासधूस झालेली नसते. रायनोव्हायरस मोजक्याच पेशी मारतो. नाक गळणं, सूज, घशाची आग, हा सगळा त्रास प्रामुख्याने शरीरानेच सोडलेल्या रसायनांचा असतो. ब्रॅडिकायनिन हे त्यातलं एक. विषाणू लागलेल्या पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात, पांढऱ्या पेशी धावून येतात. चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड पिवळा किंवा हिरवट होतो तो याच पांढऱ्या पेशींमुळे. त्यांच्यातल्या एका विकराचा रंगच हिरवट असतो. ‘शेंबूड हिरवा झाला, आता अँटिबायोटिक द्या’ ही मागणी दवाखान्यात रोज होते आणि कित्येकदा पुरीही केली जाते. ते थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही.

आठवडाभरात मुलगी बरी होते, कधी दोन आठवडेही लागतात. आणि आता तिच्या शरीरात एक संथ काम पुरं होत आलेलं असतं. 16 क्रमांकाच्या कवचाला नेमकी चिकटणारी प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी, रक्तात आणि नाकातल्या स्रावात जमू लागतात. त्या दिसायला लागतात एक ते दोन आठवड्यांनी आणि शिखराला पोचतात साधारण पाचव्या आठवड्यात. म्हणजे पहिल्यांदा भेटलेल्या प्रकाराची सर्दी बरी करण्यात अँटिबॉडींचा वाटा कमी असतो. त्या येईपर्यंत सर्दी जवळजवळ संपलेली असते. त्यांचा खरा उपयोग पुढच्या वेळी होतो.

पुढच्या वेळी होतो म्हणजे नक्की किती, हे माणसांवरच तपासून पाहिलं गेलं आहे. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळ 1946 ते 1990 या काळात सर्दीच्या संशोधनाचं एक केंद्र चालत होतं. हजारो स्वयंसेवक तिथे येऊन राहत, एकदोघांच्या सोबतीने वेगळे ठेवले जात, आणि त्यांच्या नाकात विषाणू असलेले किंवा नसलेले थेंब टाकले जात. या प्रयोगांत असं दिसलं की रायनोव्हायरसच्या एका प्रकाराची लागण होऊन गेलेल्यांच्या शरीरात त्या प्रकाराच्या अँटिबॉडी वर्षभरानंतरही टिकून होत्या, आणि तोच प्रकार पुन्हा नाकात सोडला तर त्यांना संरक्षण मिळत होतं. शरीराची आठवण शाबूत असते, याचा हा सरळ पुरावा.

पण त्याच मुलीच्या नाकात पुढच्या महिन्यात 78 क्रमांकाचा प्रकार शिरला तर 16 क्रमांकाच्या अँटिबॉडी त्याला नीट चिकटत नाहीत. एकीच्या मापाने शिवलेला ब्लाउज दुसरीला बसत नाही, तसंच हे; कापड उत्तम असतं, शिलाई पक्की असते, पण माप दुसऱ्याचं असतं.

हे प्रकार ठरवले कसे

‘शंभराहून जास्त प्रकार’ हे वाक्य सहज बोललं जातं, पण एक प्रकार संपून दुसरा कुठे सुरू होतो हे ठरवायची पद्धत समजली की सगळा विषय उलगडतो.

1956 मध्ये अमेरिकेत दोन ठिकाणी, स्वतंत्रपणे, सर्दी झालेल्या माणसांच्या नाकातून एक नवा विषाणू वेगळा केला गेला. त्यातल्या एका ठिकाणी, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, विन्स्टन प्राइस यांनी त्याला जेएच हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच्यावर लसही करून पाहिली, आणि ती लागू पडली. वर्तमानपत्रांत सर्दीवर लस आल्याचा गाजावाजा झाला. लस जेएच विषाणूला खरोखरच अडवत होती. पण लस घेतलेल्या माणसांना सर्दी होतच राहिली, कारण सर्दीचे इतर विषाणू तिला जुमानत नव्हते. आज त्या जेएचला रायनोव्हायरस 1ए म्हणतात. म्हणजे दीडशेच्या वर प्रकारांतल्या बरोबर एकावर ती लस होती.

1960 च्या सुमारास सॉल्झबरीच्याच केंद्रातल्या डेव्हिड टिरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या पेशी नाकासारख्या, म्हणजे 33 अंशांच्या तापमानात वाढवायला सुरुवात केली, आणि एकामागून एक रायनोव्हायरस हाती लागू लागले. मग प्रश्न आला, आज सापडलेला हा कालचाच की वेगळा? त्यासाठी अशी चाचणी वापरली गेली. ओळखीचा एक प्रकार प्राण्याला टोचायचा आणि त्याच्या रक्तातून त्या प्रकाराच्या अँटिबॉडी असलेला रक्तद्रव मिळवायचा. हा रक्तद्रव नव्याने सापडलेल्या विषाणूत मिसळायचा आणि ते मिश्रण पेशींवर ओतायचं. पेशी जगल्या तर अँटिबॉडींनी विषाणूला अडवलं, म्हणजे तो जुनाच. पेशी मेल्या तर अँटिबॉडींना त्याची ओळख पटलेली नाही. मग दुसऱ्या प्रकाराचा रक्तद्रव घ्यायचा, तिसऱ्याचा घ्यायचा. उपलब्ध असलेला एकही रक्तद्रव त्याला अडवू शकला नाही, तर त्याला नवा क्रमांक द्यायचा.

म्हणजे क्रमांकाची व्याख्याच मुळात प्रतिकारशक्तीच्या नजरेतून केलेली आहे. दोन विषाणूंचे क्रमांक वेगळे आहेत याचा अर्थ एकाच्या अँटिबॉडी दुसऱ्याला अडवत नाहीत. 1967 पर्यंत 55 क्रमांक दिले गेले, 1971 पर्यंत 89, आणि 1987 मध्ये यादी 100 वर जाऊन थांबली. पुढे त्यातला 87 क्रमांक चुकून या यादीत आल्याचं कळलं. तो याच कुळातला दुसराच विषाणू निघाला.

तेव्हा अनेकांना वाटलं की यादी पूर्ण झाली. पण 2006 मध्ये जनुकीय तपासणीतून रायनोव्हायरसची एक अख्खी नवी शाखाच पुढे आली. ही सी शाखा प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशींमध्ये वाढतच नाही, म्हणून पन्नास वर्षं ती कोणाच्या हाताला लागली नव्हती. ती आयकॅम-1 ऐवजी पेशीवरचं वेगळंच प्रथिन धरून आत शिरते. आता ए शाखेत सुमारे 80, बीमध्ये 30 च्या वर आणि सीमध्ये 50 च्या वर प्रकार मोजले जातात. हल्ली नवा प्रकार रक्तद्रवाऐवजी जनुकांच्या मजकुरातल्या फरकावरून ठरवतात.

इथे एक गैरसमज बाजूला करायला हवा. ‘विषाणू सतत बदलतो म्हणून सर्दी परत होते’ असं बऱ्याचदा लिहिलं जातं. फ्लूच्या बाबतीत ते लागू आहे: तिथे या वर्षीचा विषाणू गेल्या वर्षीच्याच विषाणूचा बदललेला वंशज असतो आणि जुना मागे पडतो. रायनोव्हायरसचा आरएनएही चुका करत बदलतो, पण मुख्य अडचण ती नाही. 1960 च्या दशकात क्रमांक मिळालेले प्रकार आजही ओळखता येतील इतपत तसेच आहेत, आणि ते सगळे एकाच काळात जगभर नांदत आहेत. त्यांनी वेष बदलण्याची गरजच नाही; त्यांची संख्याच पुरेशी आहे.

सगळ्यांना चालेल अशी अँटिबॉडी का बनत नाही

हे सगळे एकाच घराण्यातले आहेत, तर त्यांच्यात सामाईक असं काही असेलच. ते आहे. आयकॅम-1 धरणाऱ्या सगळ्या प्रकारांत ते धरण्याची जागा बरीच मिळतीजुळती असणार, हे उघड आहे. मग शरीर तिथेच का चिकटत नाही?

1985 मध्ये मायकेल रॉसमन यांच्या गटाने अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात 14 क्रमांकाच्या रायनोव्हायरसची रचना अणूअणूपर्यंत उलगडली. कवचावर खोल खाचा दिसल्या, एखाद्या अरुंद दरीसारख्या. आयकॅम-1 बसण्याची जागा या दरीत होती, आणि दरीच्या काठांवर प्रथिनांची वेटोळी वर आलेली होती. अँटिबॉडी मुख्यतः या वर आलेल्या वेटोळ्यांना चिकटतात, आणि प्रकाराप्रकारांत सर्वांत जास्त फरक नेमका या वेटोळ्यांतच असतो. रॉसमन यांचा अंदाज असा होता की दरी इतकी अरुंद आहे की जाड अँटिबॉडीला आत शिरताच येत नाही, म्हणून विषाणूने आपला न बदलणारा भाग तिथे लपवला आहे.

पुढे, 1996 मध्ये, एक अँटिबॉडी दरीत बरीच खोलवर शिरलेली दिसली. त्यामुळे ‘आत जाताच येत नाही’ हे तितकं काटेकोर राहिलं नाही. पण आत गेलेली अँटिबॉडीही जाताजाता काठांना टेकते, आणि काठ बदलले की तिची पकड सुटते. मूळ निरीक्षण टिकून आहे: बाहेरून हाताला लागतं ते प्रत्येक प्रकारात वेगळं असतं. जे सगळ्यांत सारखं आहे ते बहुतांशी कवचाच्या आतल्या बाजूला असतं. शरीर त्याच्याविरुद्धही अँटिबॉडी बनवतं, पण विषाणू पेशीत शिरण्याआधी त्या तिथपर्यंत पोचू शकत नाहीत, त्यामुळे संसर्ग रोखायला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी हे आतले सामाईक भाग ओळखतात, पण त्या कामाला लागतात पेशीला लागण झाल्यावर. त्यामुळे आजार थोडा सौम्य होऊ शकतो, सर्दी टळत नाही.

हिशेब मांडून पाहू

आता थोडं गणित. समजायला सोपं जावं म्हणून प्रकार 160 धरू, सगळे सारख्याच प्रमाणात फिरतात असं मानू, आणि एकदा होऊन गेलेला प्रकार पुन्हा कधीच होत नाही असंही मानू.

लहान मुलांना वर्षाला सहा-आठ सर्दी होणं ही नेहमीची गोष्ट आहे, पाळणाघरात जाणाऱ्यांना त्याहूनही जास्त. त्यातल्या चार रायनोव्हायरसच्या धरल्या तर पाच वर्षांत 20 प्रकार भेटून झाले. उरले 140. म्हणजे पुढच्या वेळी समोर येणारा प्रकार नवा असण्याची शक्यता आठांत सात. पाच ते पंधरा या वयात वर्षाला दोन, म्हणजे आणखी 20, एकूण 40. तरीही चारांत तीन वेळा नवाच भेटणार. पुढे पंचेचाळिशीपर्यंत वर्षाला एक धरला तर आणखी 30 जमा होतात, एकूण 70. आणि 45 वर्षांच्या, धडधाकट, सर्दीशी आयुष्यभर झगडलेल्या माणसासाठी अजून 90 प्रकार नवे आहेत, निम्म्याहून जास्त.

खरं जग या हिशेबापेक्षा थोडं वेगळं आहे. काही प्रकार जवळचे असल्याने एकाची ओळख दुसऱ्यावर अंशतः चालते, काही संसर्ग लक्षणं न दाखवताच होऊन जातात आणि आठवण ठेवून जातात. त्यामुळे चित्र जरा बरं होतं. दुसरीकडे नाकातल्या अँटिबॉडी काळाबरोबर कमी होत जातात, आणि सी शाखेसारखे प्रकार मुलांमध्ये जास्त त्रास देतात. त्यामुळे ते जरा बिघडतं. तरी दिशा तीच राहते. मोठ्यांना वर्षाला दोन-तीन सर्दी होतात आणि मुलांना त्याच्या दुप्पट-तिप्पट, याचं एक मोठं कारण हा साठलेला अनुभव आहे. घरात लहान मूल आलं की आईवडिलांच्या सर्दी पुन्हा वाढतात, तेही याचमुळे: मूल बाहेरून जे प्रकार आणतं त्यातले बरेच आईवडिलांनाही अजून भेटलेले नसतात.

शिवाय हे प्रकार एकेक करून, रांगेने येत नाहीत. एकाच शहरात एकाच हंगामात वीस-पंचवीस प्रकार एकत्र फिरताना आढळतात, आणि पुढच्या वर्षी त्यातले बरेच मागे पडून दुसरे पुढे आलेले असतात. ज्या मुलांची सर्दी ‘महिनाभर हटतच नाही’ असं वाटतं, त्यांच्या नाकातले नमुने पुन्हा पुन्हा घेऊन जनुकीय तपासणी केली तेव्हा बहुतेक वेळा जुना विषाणू रेंगाळलेला नव्हता. एक ओसरताना दुसरा येऊन बसला होता. पालकांना जी एक लांबलेली सर्दी दिसते, त्या प्रत्यक्षात एकमेकांना चिकटून आलेल्या दोन किंवा तीन असतात.

प्रकार बाहेरून येणं थांबलं तर काय होतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटांवर 1930-31 मध्ये दोन संशोधकांनी खाणकामगारांच्या एका वस्तीत सर्दीची नोंद ठेवली. हिवाळाभर समुद्र गोठलेला, बोट येणं बंद. कडाक्याची थंडी असूनही जसजसा हिवाळा सरकला तसतशी सर्दी जवळजवळ नाहीशी झाली. वसंतात पहिली बोट लागली आणि थोड्याच दिवसांत वस्तीभर सर्दीची साथ पसरली. वस्तीत आधीपासून असलेले विषाणू तिथल्या सगळ्यांना होऊन गेले होते. बोटीतून नवे उतरले. भिजल्याने किंवा गारठ्यानेच सर्दी होते असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावं. नाक थंड पडलं की तिथला पहिला प्रतिकार थोडा मंदावतो असं प्रयोगशाळेत दिसलं आहे, पण मुळात विषाणू नसेल तर नुसत्या गारठ्यातून सर्दी उगवत नाही.

काळजी कधी करायची

वर्षाला आठ-दहा सर्दी झालेलं, पण मधल्या काळात खेळणारं, वजन वाढणारं मूल म्हणजे प्रकार ओळखत चाललेलं निरोगी मूल. त्याला टॉनिकची गरज नाही. कोणतंही टॉनिक न भेटलेल्या प्रकाराची अँटिबॉडी देऊ शकत नाही. प्रतिकारशक्तीच्या खऱ्या कमतरतेची चिन्हं वेगळी असतात: न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होणं, कान सतत फुटत राहणं, खोलवरचे गळू, वजन न वाढणं. असं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे तपासणी हवीच.

सर्दी साधी राहिलेली नाही हे कसं ओळखायचं? श्वासाचा वेग मोजा, मूल शांत किंवा झोपलेलं असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात मिनिटाला 50 किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त श्वास असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला किंवा ते दूध ओढेनासं झालं, तरी तेच. सर्दी उतरत असताना पुन्हा ताप चढला, किंवा दहा दिवसांनंतरही काहीच फरक नसेल, तर जिवाणूंचा संसर्ग वरून झाला असू शकतो. एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा स्राव येत असेल तर आत मणी, खडू किंवा शेंगदाणा अडकलेला असण्याची दाट शक्यता. ताप नाही, पण नाकाला खाज, पाण्यासारखा स्राव आणि सकाळी ओळीने शिंका असं महिनोन्‌महिने चालत असेल, तर ती बहुधा अ‍ॅलर्जी आहे, सर्दी नाही.

दमा असलेल्यांनी रायनोव्हायरसला हलकं समजू नये. मुलांच्या दम्याच्या झटक्यांमागे बऱ्याचदा हाच असतो, त्यातही ए आणि सी शाखेतले प्रकार. दम्याचा रोजचा इनहेलर ‘सध्या बरं आहे’ म्हणून सोडला जातो, आणि नेमक्या पुढच्या सर्दीत मूल रात्री दवाखान्यात न्यावं लागतं. हे टाळता येण्यासारखं आहे.

हात धुण्याबद्दल एक तपशील. रायनोव्हायरसला चरबीचं आवरण नसल्याने सॅनिटायझरचा त्याच्यावर कोरोनाइतका चांगला परिणाम होत नाही. साबण आणि वाहतं पाणी तो हातावरून धुऊन काढतं, म्हणून नाक पुसल्यावर साबणच बरा.

लस का नाही

1957 ची जेएच लस एका प्रकाराची होती. 1975 मध्ये दहा प्रकार एकत्र करून पाहिले. काही प्रकारांविरुद्ध अँटिबॉडी वाढल्या, बऱ्याचशांविरुद्ध पुरेशा वाढल्या नाहीत, आणि त्या वाटेवरचं काम जवळपास थांबलं. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या गटाने तब्बल 50 प्रकार एका लशीत घातले आणि ती माकडांना टोचली. 50 पैकी 49 प्रकारांविरुद्ध काम करणाऱ्या अँटिबॉडी मिळाल्या. दहा प्रकारांच्या वेळी प्रत्येक प्रकाराची मात्रा कमी पडली असावी, असा अर्थ यातून काढला गेला. म्हणजे शरीराला एका दमात पन्नास मापं घेता येतात, हे दिसलं.

पण माकडाच्या रक्तातल्या अँटिबॉडी आणि माणसाची टळलेली सर्दी यांत अंतर आहे. प्रत्येक प्रकार वेगळा वाढवायचा, शुद्ध करायचा, निष्क्रिय करायचा, त्याची मात्रा तपासायची, आणि हे पन्नास नव्हे तर शंभर-दीडशे वेळा, प्रत्येक उत्पादनाला. सी शाखा नेहमीच्या पेशींत वाढतच नाही, त्यामुळे मुलांना जास्त त्रास देणाऱ्या त्या पन्नासहून अधिक प्रकारांसाठी ही पद्धत सहजासहजी वापरता येत नाही. विषाणूच्या कवचातच अडकून बसणारं प्लेकोनारिल नावाचं औषध मंजुरीच्या उंबरठ्यापर्यंत पोचलं होतं. ते सर्दी जेमतेम एक दिवसाने कमी करत होतं आणि गर्भनिरोधक गोळ्यांच्या परिणामात ढवळाढवळ करत होतं, म्हणून 2002 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी नाकारली गेली. सध्याच्या संशोधनाचा भर सगळ्या प्रकारांत सारख्या असलेल्या भागांवर आहे: टी पेशींना आतले भाग ओळखायला शिकवणारी लस, किंवा विषाणूला प्रती बनवण्यासाठी लागणारं पेशीतलंच एखादं विकर तात्पुरतं अडवणारं औषध. यातलं काहीही अजून औषधाच्या दुकानात आलेलं नाही.